डाळ मिलचा पहिल्या वर्षाचा हिशेब: एका होतकरू उद्योजकाला पत्र

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता दोनदा पाहिला. मशीन बसली, तीन फेजचं कनेक्शन आलं आणि खात्यात ९ लाख उरले, हे वाचून बरं वाटलं. तक्त्याच्या तळाशी तू लिहिलंस, 'महिन्याचा खर्च ६० हजार, म्हणजे १५ महिन्यांचा रनवे. पहिल्या वर्षाची काळजी नाही.' त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे.

भागाकार तुझा बरोबर आहे. शिल्लक रकमेला बर्न रेटने, म्हणजे महिन्याला खात्यातून जाणाऱ्या पैशाने भागलं की रनवे, म्हणजे पैसा किती महिने पुरेल ते निघतं, हे पुस्तकातलं गणित. पण ते चालतं कुठं? जिथं दर महिन्याला साधारण सारखाच पैसा जातो तिथं, म्हणजे पुण्यात भाड्याच्या खोलीत ॲप बनवणाऱ्या पोरांकडे. तुझा धंदा तुरीचा. तूर जानेवारीपासून बाजारात येते आणि दोन-तीन महिन्यांत स्वस्ताईचा काळ सरतो. वर्षभराचा माल तेव्हाच घ्यावा लागतो. तुझ्या ६० हजारांत दोन मजूर, वीज, पिशव्या, टेम्पो, भाडं, हप्ता सगळं आहे. तूर मात्र कुठंच नाही! ती तू 'माल' म्हणून वेगळ्या पानावर ठेवलीस. बँकेच्या खात्याला पानं वेगळी कळत नाहीत.

चल, तुझेच आकडे महिन्यावर मांडू. तुरीचा भाव तू क्विंटलला ७,५०० धरलास, तोच घेऊ. तुझ्या मनात हंगामात १०० क्विंटल घ्यायचे आहेत. जानेवारीत नुसता खर्च, उरले ८ लाख ४० हजार. फेब्रुवारीत ५० क्विंटल तूर आणि खर्च मिळून ४ लाख ३५ हजार गेले, उरले ४ लाख ५ हजार. मार्चमध्ये पुन्हा तेवढेच जाणार, आणि खातं ३० हजारांनी उणे. फेब्रुवारीत डाळ विकलीस खरी, पण दारव्हा-दिग्रसचे किराणावाले उधारीवर घेतात. दोन महिन्यांनी पैसे मिळाले तरी नशीब समज. म्हणजे १५ महिन्यांचा रनवे तिसऱ्याच महिन्यात संपला, तोही गोदाम भरलेलं असताना. तुरीच्या पोत्यांनी मजुराचा पगार देता येत नाही.

म्हणून खरेदी कमी कर, ६० क्विंटल घे. त्यातली दोन-चार घटीत आणि किडीत जातील. मार्चअखेर हातात २ लाख ७० हजार राहतात. शंभर किलो तुरीला ७० किलो डाळ आणि डाळीला क्विंटलला १३ हजार, हे तुझेच अंदाज. विक्री फेब्रुवारीत ३ क्विंटल, मग ५, मग ७, मेपासून ८. पैसे दोन महिने उशिरा. एप्रिलमध्ये शिल्लक थोडी घसरते, मग चढते. जुलैअखेर ३ लाख २९ हजार!

इथं तू फसशील. मीही फसलो होतो. माझा संत्र्याच्या सरबताचा धंदा होता तेव्हा खात्यातली रक्कम वाढते आहे म्हणून मी नवीन बाटल्यांची मोठी ऑर्डर देऊन बसलो. आतून मी फेब्रुवारीत काढून ठेवलेला रस संपवत होतो, हे मला ऑगस्टात पिंपं रिकामी झाली तेव्हा कळलं. तुझंही तेच आहे. एप्रिल ते जुलै तू धंदा वाढवत नव्हतास, गोदाम खात होतास. ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याच्या शेवटच्या दिवशी पोती मोज. शिल्लक वाढते आणि पोती घटतात, तर घटलेल्या पोत्यांची खरेदी-किंमत बर्नमध्ये मिळव. तोच तुझा खरा बर्न.

ऑगस्टपासून तो उघडा पडतो. आता व्यापाऱ्याकडून तूर घ्यावी लागणार, बिगरहंगामी भाव ८,५०० धरू. महिन्याच्या ८ क्विंटल डाळीसाठी साधारण १२ क्विंटल तूर, म्हणजे १ लाख २ हजार. वर खर्च ६० हजार. जाणार १ लाख ६२ हजार, येणार १ लाख ४ हजार. दर महिन्याला ५८ हजारांची गळती. डिसेंबरअखेर खात्यात ३९ हजार उरतात, आणि महिन्याभरात नवी तूर येणार, तिला लाखो रुपये हवेत. शिवाय जूनचा रकाना तू कोरा ठेवलास. मृग लागला की बियाणं-खतासाठी घरून हाक येणारच, तू नाही म्हणू शकणार नाहीस. तिथं ४० हजार लिही. डिसेंबर शून्याच्या खाली जातो. स्वतःच्या पगारापुढंही तू शून्य लिहिलंस, त्यावर आपण भेटल्यावर भांडू.

गळती का, तेही पाहा. हंगामातल्या तुरीचीसुद्धा एक क्विंटल डाळ १० हजार ७०० ला पडते. सुटले २,३०० च्या आसपास. ६० हजार भरून काढायला महिन्याला २६ क्विंटल विकायला हवी, तू ८ वर थांबतोस. चुणी-टरफलाचे पैसे मी मुद्दाम धरले नाहीत. जनावरंवाले रोख देतात, ती उशी राहू दे.

यावर मला एकच मार्ग दिसतो. फेब्रुवारी ते मे शेतकऱ्यांची तूर भरडून दे. त्यांची तूर, त्यांची डाळ, तुझी फक्त मजुरी. आपल्याकडे घरच्यासाठी डाळ करून घेणारे गावोगाव आहेत, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची छोटी डाळ मिल याच कामासाठी ठिकठिकाणी वापरतात. दर आसपास विचारून घे. क्विंटलला ६०० मिळाले आणि महिन्याला ४० क्विंटल आली, तर २४ हजार रोख, भांडवल शून्य. तेवढे महिने तुझा आकडा २६ वरून १६ क्विंटलवर येतो. सोळाही सोपे नाहीत, पण निदान दिसतात.

दोन रकमा मात्र जमेत धरू नकोस. एक, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं ३५ टक्के अनुदान. ते बँक कर्जखात्याशी जोडून अडकवून ठेवते आणि कर्ज नीट फेडत गेलास तर तीन वर्षांनी कर्जात वळतं करते. तुझ्या हातात पहिल्या वर्षी एक रुपया येत नाही. दुसरी, उधारीची 'पंचेचाळीस दिवसांत' वसुली. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असं २००६ चा कायदा म्हणतो. पण चौकातल्या दुकानदारावर तू त्या कायद्याने दावा लावणार आहेस का? साठ दिवसच धर.

बँकेकडून खेळत्या भांडवलाची मर्यादा हवी असेल तर अर्ज आत्ताच टाक. मार्चमध्ये खातं रिकामं असताना गेलास तर मॅनेजर तुझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहील.

आता नवा तक्ता कर. चारच रकाने: महिन्याची सुरुवातीची शिल्लक, आलेले पैसे, गेलेले पैसे, उरलेली शिल्लक. बिलाची तारीख नको, पैसा हलला ती तारीख. बारा ओळी भरल्या की उरलेल्या शिल्लकेचा सगळ्यात लहान आकडा कुठल्या महिन्यात येतो त्याला गोल कर. शेवटच्या रकमेपेक्षा मला तो गोल पाहायचा आहे. तो दीड लाखाच्या खाली असेल, तर तुरीची खरेदी अजून दहा क्विंटलने कमी कर आणि पुन्हा लिही.

रविवारी कारंज्याला येणारच आहेस तर वही आण, मोबाइलवर ते आकडे मला दिसत नाहीत. आणि वडिलांना विचारून ये की जूनमध्ये खरंच किती लागतात.

तुझा,
काका