टायफॉइडची रजा आणि ६८ टक्के हजेरी

"ताई, मुलगा दहावीला आहे. टायफॉइडमुळे तीन आठवडे घरीच होता, डॉक्टरांचं सर्टिफिकेटही शाळेत दिलंय. तरी प्राचार्यांच्या पत्रात हजेरी ६८ टक्के, आणि ७५ लागते म्हणे. आजारपणाचे दिवस धरलेच नाहीत का? बोर्डाला बसू देणार नाहीत का?"

शाळा सीबीएसईची. आई पत्र घेऊनच आल्या होत्या. ७५ च्या आकड्याखाली पेनाने दोनदा रेघ ओढलेली. पत्रातला हिशेब बरोबर होता. शाळा प्रत्यक्ष भरली तेवढेच कामकाजाचे दिवस; रविवार, सण, दिवाळीची सुट्टी त्यात येत नाही. ऑक्टोबरअखेर असे १२० दिवस झाले, मुलगा ८२ दिवस आला. ८२ ला १२० ने भागून शंभराने गुणलं की ६८.३.

सर्टिफिकेट दिलं म्हणून गैरहजर दिवस हजेरीत जमा होत नाही. ते उपयोगी पडतं नंतर, टक्के कमीच राहिले आणि बोर्डाकडे सवलत मागायची वेळ आली तर. त्यासाठी पालकांचा अर्ज, वैद्यकीय कागद आणि शाळेची शिफारस लागते. सवलत मिळतेच असं नाही, आणि रजेचा अर्ज वेळच्या वेळी दिलेला नसेल तर बाजू लंगडी पडते. यांनी तो दिला होता, हे बरं.

पण मला खटकलं ते वेगळंच. तीन आठवड्यांत शाळेचे दिवस १८. तेवढेच बुडाले असते तर हजेरी ८५ टक्के आली असती! उरलेले २० दिवस कुठे गेले?

वर्गशिक्षिकांकडून तारखा मागवल्या आणि आम्ही दोघींनी कॅलेंडरवर खुणा केल्या. जवळजवळ सगळ्या खुणा आजारानंतरच्या, आणि बहुतेक गणिताच्या किंवा विज्ञानाच्या चाचणीच्या दिवशी. सकाळी पोट दुखायचं. अजून अशक्तपणा असेल म्हणून आई घरी ठेवायच्या. त्यात त्यांचं काय चुकलं? मुलाशी एकट्याने बोलले तेव्हा तो म्हणाला, "मधले धडे कोरेच आहेत. सर उभं करून विचारतात."

शाळेशी बोलून ठरलं की बुडालेले धडे भरून निघेपर्यंत वर्गात त्याला उभं करायचं नाही, आणि दोन विषयांसाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास द्यायचा. पोटदुखीसाठी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, असंही सांगितलं. प्रत्येक वेळी मनाचंच असतं असं नाही.

मग पुढचा हिशेब मुलालाच करायला लावला. बोर्ड १ जानेवारीपर्यंतची हजेरी बघतं. तोवर शाळेचे आणखी ४५ दिवस होते, म्हणजे एकूण १६५. त्याचे ७५ टक्के १२३.७५, म्हणून १२४ दिवस हवेत. ८२ वजा केले की राहतात ४२. तीनच दिवस बुडवता येणार होते. त्याने ते वहीत लिहिलं आणि विचारलं, "ताई, मामाच्या लग्नाला दोन गेले तर चालतील ना?"

चालतील म्हटलं. सवलतीचे कागद मात्र आईंना आत्ताच एका फाइलीत लावून ठेवायला सांगितले.