जुनी गाडी: कार्बोरेटर की एफआय?

"जांबोटीकडं राहतो, रोज खानापूरला ये-जा. 2016 ची कार्बोरेटरची आणि 2020 ची एफआय, अशा दोन सेकंडहँड 125 सीसी गाड्या बघितल्यात. सकाळचं स्टार्टिंग, ट्युनिंगचा खर्च आणि मायलेज बघता कुठली घेऊ?"

रोज चालवणार असाल तर एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची गाडी घ्या, पण बॅटरी आणि पंप तपासूनच. माझी गाडी कार्बोरेटरची आहे, खानापूर-बेळगाव रोज चालते. तिचा अनुभव सांगतो.

एका पावसाळ्यात ती बारा दिवस उभी राहिली. नंतर चोक ओढला की चालू व्हायची, चोक बंद केला की लगेच बंद. असं झालं की समजायचं, पायलट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा अडकलाय. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं, तर खाली पाण्याचे थेंब वेगळे दिसले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसात गाडी उभी राहिली की हा त्रास होतोच.

मिस्त्रीनं जेट तारेनं टोकरलं. गाडी चालू झाली, पण टोकरून भोक मोठं झालं. आधी टाकी फुल करून 176 किलोमीटर चाललो की 3.2 लिटर बसायचं, म्हणजे 55 चं मायलेज. आता 172 किलोमीटरला 4 लिटर, म्हणजे 43. प्लग काढला तर काजळीनं काळा. शेवटी नवीन जेट घातलं आणि गाडी गरम असताना एअर स्क्रू परत सेट केला, तेव्हा मायलेज जाग्यावर आलं. खर्च काही शेकड्यांतच आटोपला. म्हणून जेट साफ करायचं ते क्लीनर मारून आणि हवा देऊन, तार घालू द्यायची नाही.

एफआयला चोक नाही, स्क्रू फिरवून ट्युनिंग नाही. थंडीत किती पेट्रोल सोडायचं ते सेन्सरवरून गाडीच ठरवते, म्हणून मायलेज फारसं हलत नाही. पण पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी पार उतरली की ढकलूनही चालू होईलच असं नाही. पंप गेला तर खर्च हजारांत जातो, आणि स्कॅनर गावच्या मिस्त्रीकडं नसला तर बेळगाव गाठावं लागतं. पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, त्यामुळं टाकी कायम रिझर्व्हवर ठेवून फिरवलेली गाडी घेऊ नका.

बघायला सकाळी लवकर जा, आणि मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. सायलेन्सरला हात लावून तो गार आहे का बघा. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक गुंग आवाज यायला हवा, आणि इंजिन चालू झाल्यावर इंजिनचा पिवळा दिवा विझायला हवा. तो लागूनच राहिला तर ती गाडी सोडा, 2016 ची घ्या.