सत्तरचे साडेतीनशे झाले, मग बाळाचे किती?

«वडिलांना पंचेचाळिशीतच मोतीबिंदू झाला, बाकी ते ठणठणीत. माझी मात्र विशीपासून घट्ट आवळलेली मूठ पटकन सुटत नाही. आता मायोटॉनिक डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार निघाला. जनुकाच्या रिपोर्टात वडिलांचा आकडा ७०, माझा ३५०, म्हणजे पाचपट. या हिशोबाने बाळाचा १७५० होणार ना? मग ते जन्मतःच आजारी असेल?»

विचारणाऱ्या बाई २९ वर्षांच्या, मूल हवं म्हणून नवऱ्यासह आलेल्या. पाचपटीचा हा गुणाकार रिपोर्ट हाती पडल्यावर बऱ्याच घरांत मांडला जातो. त्यात पहिल्याच पायरीला एक गोष्ट निसटते. त्यांच्याकडे या आजाराच्या जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक १२ची आणि एक ३५०ची. बाळाकडे यातली एकच जाते. १२ची गेली तर आजाराचा प्रश्नच तिथे संपतो, आणि ही शक्यता दर गरोदरपणात निम्मी असते. या आजाराबद्दल ‘पिढीगणिक आजार लवकर आणि जास्त’ असं म्हणतात, पण ते फक्त लांब, म्हणजे मोठ्या आकड्याची प्रत मिळालेल्यांबद्दलचं विधान आहे.

आता तो आकडा. १९व्या गुणसूत्रावरच्या डीएमपीके जनुकाच्या शेपटाकडे, जिथून प्रथिन बनत नाही अशा भागात, सीटीजी ही तीन अक्षरं लागोपाठ येतात. त्यालाच रिपीट म्हणतात. ५ ते ३४ रिपीट असले तर काही होत नाही. ३५ ते ४९ असलेला माणूस स्वतः आजारी नसतो, पण त्याच्या मुलांमध्ये संख्या वाढू शकते. ५०च्या पुढे आजार. शंभरच्या आसपासपर्यंत बहुधा मोतीबिंदूवर निभावतं, शेकड्यांत गेलं की तरुणपणी स्नायू आखडणं आणि अशक्तपणा येतो, आणि जन्मतः दिसणाऱ्या रूपात संख्या बहुतेकदा हजाराच्या वर असते. या कप्प्यांच्या सीमा एकमेकींत बऱ्याच घुसलेल्या आहेत, त्यामुळे एका आकड्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

गुणाकार खरा कोसळतो तो पुढच्या गोष्टीमुळे. लांब रिपीट एकाच शरीरात आयुष्यभर वाढत राहतो. सीटीजीची लांब साखळी स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखी बाहेर येते, पेशीची दुरुस्ती यंत्रणा तिथे गोंधळते आणि काही तुकडे जास्त भरले जातात. म्हणून चाळिशीत रक्त तपासलं असतं तर बाईंचा आकडा ३५०हून मोठा आला असता, आणि स्नायूत तो रक्तापेक्षा कितीतरी मोठा असतो. रिपोर्टवर छापलेला ३५० हा एका दिवशीच्या रक्तातल्या पेशींमधल्या निरनिराळ्या लांबीच्या रिपीटचा मध्य आहे. वडिलांची तपासणी ६२व्या वर्षी झाली, यांची २९व्या. अशा दोन आकड्यांचा भागाकार करून काहीच हाती लागत नाही.

तरी कल वाढण्याकडेच असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. थोड्या वेळा मुलात संख्या कमी झालेलीही सापडते, पण त्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय लांब प्रत कोणाकडून येते यानेही फरक पडतो. वडिलांकडचा छोटा रिपीट मुलांत चांगलाच वाढू शकतो, या घरात झालं तसंच. पण हजाराच्या पुढची उडी आणि त्यासोबतचं जन्मजात रूप जवळजवळ नेहमी आईकडून येतं. आईला स्नायूंची लक्षणं असतील तर धोका लक्षण नसलेल्या आईपेक्षा जास्त. बाईंची मूठ अडकते, म्हणजे त्या जास्त धोक्याच्या गटात आहेत. हे त्यांना तसंच सांगितलं.

घरच्या आठवणींतून जी चढण दिसते ती मात्र थोडी फुगलेली असते. १९४८ मध्ये ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ पेनरोझ यांनी हाच मुद्दा मांडला होता: गंभीर आजारी मूल आधी डॉक्टरांकडे येतं, मग त्याचे सौम्य आजारी आईवडील सापडतात, आणि जे लहानपणीच गंभीर आजारी पडतात त्यांना सहसा मुलं होत नाहीत, त्यामुळे उलटा क्रम दिसतच नाही. पुढे १९९२ मध्ये जनुक सापडलं आणि रिपीट खरोखर वाढतो हे सिद्ध झालं. तरी पेनरोझ यांचा आक्षेप बाद झाला असं मला वाटत नाही. या बाईंची एक आत्या ‘काहीच नसलेली’ म्हणून वंशावळीत आलीच नव्हती.

जोडप्यापुढे दोन मार्ग होते. एक, आयव्हीएफ करून गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूण तपासणं. यात किती रिपीट हे ठरवावं लागत नाही, लांब प्रत आली की नाही एवढंच बघायचं; पण आधी वडिलांचे आणि दोघांचे नमुने घेऊन चाचणी बसवावी लागते. दुसरा, नैसर्गिक गर्भधारणेनंतर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कणभर नमुना तपासणं. त्यांनी दुसरा निवडला.

इथे तयारी महत्त्वाची ठरते. जनुकाचा तुकडा वाढवून त्याची लांबी मोजणाऱ्या साध्या पीसीआर चाचणीत फार लांब प्रत उमटतच नाही. आलेखावर एकच शिखर दिसतं आणि दोन्ही प्रती सारख्या, निरोगी आहेत असा भास होतो. म्हणून नवऱ्याचे रिपीट आधीच मोजून ठेवले: ५ आणि १४. आता गर्भ निरोगी असेल तर त्यात आईचा १२ दिसायलाच हवा. फक्त ५ किंवा फक्त १४ दिसला, तर आईची लांब प्रत नजरेआड लपली आहे असं धरून लांब प्रत आहे की नाही हे दाखवणारी ट्रिपलेट प्राइम्ड पीसीआर आणि तिची लांबी मोजणारं सदर्न ब्लॉट करायचं. नवऱ्याचाही एक १२ असता, तर साध्या पीसीआरवर उत्तर अडलं असतं.

नमुन्यात १२ आणि १४ आले. इथेही लगेच हुरळून जायचं नसतं. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या असतील तर तो १२ आईचाच असू शकतो, आणि गर्भाचा लांब रिपीट पुन्हा लपलेलाच. त्यामुळे आईच्या पेशींची भेसळ तपासणारी चाचणी झाल्यावरच रिपोर्ट दिला. भेसळ नव्हती, ट्रिपलेट प्राइम्ड पीसीआरमध्येही लांब प्रतीची शेपटी नव्हती. बाळाला आजार नाही.

लांब प्रत निघाली असती, तर वारेतल्या आकड्यावरून तीव्रता नेमकी सांगता आली नसती. गरोदरपण पुढे न्यायचं ठरलं असतं तर गर्भजल वाढतंय का, हालचाल मंदावते का, पावलं वळलेली आहेत का हे सोनोग्राफीत बघत, नवजात बाळासाठी व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी प्रसूती ठरवली असती.

बाळ निरोगी असलं तरी बाईंच्या बाळंतपणाची काळजी त्याने कमी होत नाही. कळा रेंगाळू शकतात, नंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. भूलतज्ज्ञांना निदान आधीच कळवायचं: स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन टाळायचं, कारण स्नायू सैल होण्याऐवजी आखडू शकतात; गुंगीची आणि वेदनाशामक ओपिऑइड औषधं कमी मात्रेत, कारण श्वास मंदावतो. आणि ईसीजी दरवर्षी. हृदयातली विद्युतवहन यंत्रणा या आजारात लक्षणांविना बिघडू शकते. हा ईसीजी ‘ठणठणीत’ वडिलांचाही करायला सांगितला, त्यात पीआर अंतर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युतसंकेत पोहोचायला लागणारा वेळ, २२० मिलिसेकंद निघालं, २००च्या मर्यादेपेक्षा जास्त. ते आता हृदयरोगतज्ज्ञांकडे जातात. आत्याने अजून रक्त दिलेलं नाही. तिच्या मुलीला पत्र पाठवलं आहे, तपासायचं की नाही हे तीच ठरवेल.