मीटर मूळ मालकाच्या नावावर, आणि तो सापडत नाही

प्रश्न : मी कल्याणमध्ये रिसेलचा फ्लॅट घेतला. विजेचं बिल अजूनही पहिल्या मालकाच्या नावाने येतं. मला फ्लॅट विकणाऱ्याने ते कधी बदललंच नव्हतं. वीज कार्यालयात सांगतात, 'मूळ ग्राहकाची एनओसी आणा, आणि चौदा महिन्यांची २५,२०० रुपये थकबाकी भरा.' पहिल्या मालकाचा पत्ताही माझ्याकडे नाही. काय करू?

उत्तर : ताई, एनओसीसाठी अडून राहू नका. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. ते नसेल तर मालकीचा पुरावा किंवा नोंदणीकृत दस्त चालतो, आणि तो तुमच्याकडे आहेच.

नावबदलाच्या अर्जासोबत नोंदणीकृत करारनाम्याची प्रत, सूची क्रमांक २, तुमच्या नावाचा सोसायटीचा भाग दाखला, मालमत्ता कराची पावती, आधार व पॅन आणि शेवटचं बिल जोडा. प्रक्रिया शुल्काची पावती जपून ठेवा. मधल्या मालकाच्या खरेदीचा करारनामाही लावा, म्हणजे पहिल्या मालकापासून तुमच्यापर्यंतची साखळी जुळते. बिलावरचा पत्ता आधी दस्ताशी ताडून पाहा. बिलावर बिल्डरचा प्लॉट क्रमांक आणि दस्तात सोसायटीचं नाव, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. तसं असेल तर दोन्ही जागा एकच असल्याचं सोसायटीचं पत्र घ्या.

संमतीपत्राशिवाय एक तोटा आहे. जुनी अनामत तुमच्या खात्यात आपोआप येत नाही, नवी मागितली जाऊ शकते. साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी रक्कम धरून ठेवा.

थकबाकीचं मात्र टाळता येणार नाही. ती जागेवर बोजा म्हणून राहते आणि नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते. पण कायदेशीर वारस सोडून इतरांवर ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकारापुरतीच येते. तुमचे १४ महिन्यांचे २५,२०० म्हणजे महिन्याला १,८०० रुपये. त्या हिशेबाने १०,८०० तुमच्या वाट्याला येतात. बाकीच्यासाठी कंपनीने जुन्या ग्राहकाकडे जावं. ही मर्यादा अर्जात स्पष्ट लिहा आणि महिनावार हिशेब मागा. तुम्ही राहायला आल्यानंतरची बिलं अर्थातच पूर्ण तुमची. विकणाऱ्याने करारात 'मागील सर्व देणी माझी' असं लिहून दिलं असेल, तर भरलेले १०,८०० त्याच्याकडून नोटीस देऊन मागता येतील.

अर्ज ऑनलाइन करा किंवा कार्यालयात द्या, पण पोच घ्या. खिडकीवरचं तोंडी 'नाही' पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. निर्णय दुसऱ्या बिलिंग चक्रापर्यंत कळवायचा असतो. तोवर काही झालं नाही किंवा नकार आला, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करा, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. सोबत पोच आणि हा हिशेब जोडा. तिथे वकील लागत नाही.