साठ दिवसांची नोटीस नेमकी कशाची?

प्रश्न: मी खरेदी विभागात नवीन आहे. पुरवठादारांशी झालेल्या करारांचे एका पानाचे सारांश सहकाऱ्यांसाठी करतो. वरिष्ठ म्हणतात, "मुद्दे सगळे आहेत, पण सारांश चुकीचा आहे." नेमके काय चुकत असावे?

उत्तर: बहुधा तुमचे प्रत्येक वाक्य कराराच्या कुठल्या ना कुठल्या ओळीवर आधारलेले असणार, परंतु त्या ओळीला बांधलेली अट मूळ कागदातच राहून जात असावी. नवख्या माणसाची ही सर्वांत महागडी चूक असते, आणि ती मुदतीच्या कलमात सर्वाधिक आढळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या हाताखालच्या एका नवीन सहकाऱ्याने देखभालीच्या कराराबद्दल लिहिले होते, "करार एक वर्षाचा आहे; ६० दिवसांची नोटीस देऊन रद्द करता येतो." मूळ कलम असे होते की करार १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चालेल, आणि मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस आधी लेखी नोटीस मिळाली नाही, तर तो आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढेल. म्हणजे ती नोटीस करार मध्येच मोडण्यासाठी नव्हती, तर पुढची वाढ थांबवण्यासाठी होती. सारांश वाचून सेवा विभागाने ऑगस्टमध्ये नोटीस धाडली असती, तरी मार्चअखेरपर्यंतचे शुल्क द्यावेच लागले असते. उलट, फेब्रुवारीत जाग आली असती, तर आणखी एक वर्ष गळ्यात पडले असते.

आता तारीख काढू. ३१ मार्चपासून ६० दिवस मागे गेले की ३० जानेवारी २०२५ येते. पण कलमातला शब्द "मिळाली" हा आहे, "पाठवली" हा नव्हे. नोटिशीचे कलम कराराच्या शेवटच्या पानावर होते (ते सहसा तिथेच असते, आणि तोवर वाचणारा थकलेला असतो). त्यानुसार ईमेल चालणार नव्हता, आणि टपालाने पाठवलेली नोटीस पाचव्या कामकाजाच्या दिवशी मिळाली असे मानले जाणार होते. ३० जानेवारी हा गुरुवार होता. त्याआधीचे पाच कामकाजाचे दिवस मोजले की २३ जानेवारी येते, आणि मध्ये सुट्टी पडली तर त्याहूनही आधीची तारीख. दिवस मोजताना दोन्ही टोके धरायची की नाहीत, यावरूनही वाद होऊ शकतो. म्हणून सारांशातली ओळ अशी व्हायला हवी होती: "वाढ नको असल्यास लेखी नोटीस टपालाने २० जानेवारीपूर्वी पाठवावी (मुदतीचे व नोटिशीचे कलम एकत्र वाचून, सोयीखातर काही दिवस राखीव). मुदतीच्या मध्ये करार रद्द करण्याचा सर्वसाधारण हक्क नाही."

दुसरी चूक व्याख्यांची. "पुरवठादाराचे दायित्व वार्षिक शुल्काइतके मर्यादित आहे" असे एका सारांशात होते. व्याख्यांच्या कलमात मात्र शुल्क म्हणजे "दावा उद्भवण्यापूर्वीच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष दिलेली रक्कम" असे होते. शुल्क दरमहा दिले जात होते. तेव्हा कराराच्या तिसऱ्या महिन्याच्या आरंभीच काही बिघडले असते, तर मर्यादा जेमतेम दोन हप्त्यांएवढीच ठरली असती. शिवाय कलमाची सुरुवात "पुढील बाबी वगळता" अशी होती, आणि गोपनीयतेचा भंग या मर्यादेच्या बाहेर होता. मर्यादा सांगून अपवाद गाळला, तर वाचणारा पुरवठादाराशी बोलताना आपलीच बाजू नकळत कमकुवत करतो. कायद्याच्या कागदात नेहमीच्या शब्दाला वेगळा अर्थ दिलेला असेल, तर तो शब्द सारांशात व्याख्येसकट द्यावा, नाहीतर तो टाळून साध्या भाषेत मजकूर मांडावा.

क्रियापदांबाबत थोडक्यात. "चार तासांत दुरुस्ती करण्याचा वाजवी प्रयत्न करील" याचे "चार तासांत दुरुस्त करील" करू नका. पहिल्यात वेळ हुकली तरी प्रयत्न केल्याचे दाखवून पुरवठादार सुटू शकतो; दुसऱ्यात तो सुटत नाही, आणि तुमचा सहकारी ग्राहकाला चार तासांचा शब्द देऊन बसतो.

सारांशातल्या प्रत्येक ओळीपुढे कलम क्रमांक लिहा. ज्या ओळीला क्रमांक सापडत नाही, ती बहुतेक वेळा तुम्ही अंदाजाने भरलेली असते. आणि वर "कोणत्या दुरुस्तीपर्यंतचा मजकूर वाचला" हे नोंदवा. वरच्याच करारात मुख्य प्रतीनंतर एका पानाचे दुरुस्तीपत्र जोडलेले होते, आणि त्यात ६० दिवसांचे ९० दिवस केलेले होते. म्हणजे नोटीस पोहोचण्याची खरी शेवटची तारीख ३० जानेवारी नव्हतीच, ती ३१ डिसेंबर २०२४ होती.