बाळाचा ताप ‘घशाचा’ आहे, हे घरी ठरवू नका

“माझी मुलगी दोन महिन्यांची आहे. काल रात्रीपासून अंग गरम लागतंय, काखेत १००.६ ताप भरला. रडताना आवाज घोगरा येतो, दूध ओढता ओढता मध्येच सोडते. सासूबाई म्हणतात, घसा धरलाय, दोन दिवसांत उतरेल. तापाचं औषध देऊन वाट पाहिली तर चालेल का?”

नाही चालणार. आत्ताच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. रात्र असली तर सकाळची वाट न पाहता लहान मुलांच्या इमर्जन्सीत न्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा काखेतला ताप ९९.५ किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याच दिवशी तपासणी व्हायलाच हवी, मग बाळ हसत-खेळत का असेना.

मी इंदूरला लहान मुलांच्या वॉर्डात समुपदेशक आहे. मागच्या थंडीत राजवाड्याजवळ राहणारं एक मराठी कुटुंब पाच आठवड्यांच्या मुलाला घेऊन आलं. ताप १००.८ होता. बाळ कुंची, स्वेटर आणि दुलईत गुंडाळलेलं, म्हणून नर्सताईंनी जास्तीचे कपडे काढून वीस मिनिटांनी पुन्हा थर्मामीटर लावला. तरी १००.६. म्हणजे हा पांघरुणाचा ताप नव्हता. सहा आठवड्यांची लस अजून व्हायची होती, तेव्हा टोचल्याचाही नव्हता. आजींनी सांगितलं, आवाज बसलाय, घसाच आहे. डॉक्टरांनी पाहिलं, तर घसा खरोखरच थोडा लाल होता आणि नाकही वाहत होतं.

तरीही त्यांनी रक्त आणि लघवी तपासायला सांगितली. बाळाचे वडील माझ्याकडे येऊन जरा चढ्या आवाजातच म्हणाले, “ताई, घसा समोर लाल दिसतोय, मग लघवी कशाला?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. पण तान्हं बाळ रडलं की घसा तसाही लालसर दिसतो. मोठ्या मुलांना होतो तो जिवाणूंचा घसा या वयात अगदी क्वचित आढळतो. शिवाय सर्दीने घसा धरलेला असला, तरी त्याच वेळी लघवीत जंतुसंसर्ग असू शकतो. या वयात तापामागे लपलेल्या गंभीर जिवाणूसंसर्गांत लघवीचाच सगळ्यांत जास्त आढळतो. बाळ तो सांगू शकत नाही, फक्त दूध कमी पितं आणि किरकिरतं. तो रक्तात उतरू शकतो, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंतही जातो. मोठ्या माणसाची मान अशा वेळी ताठ होते, तान्ह्या बाळाची बहुतेकदा होत नाही. कधी कधी ताप हीच एकमेव खूण असते.

लघवी धरायला आईला बराच धीर लागला. चिकटवायच्या पिशवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्ट फसवा येतो. म्हणून नर्सताईंनी जागा स्वच्छ पुसली, निर्जंतुक बाटली उघडी धरून बाळाच्या ओटीपोटावर बोटांनी हलकेच थोपटत राहिल्या. मधली धार बरोबर बाटलीत आली. तशी धरता आली नाही तर बारीक नळी घालून काढतात. ती काही क्षणच आत असते, तिला नाही म्हणू नका.

लघवीत पू-पेशी भरपूर निघाल्या. संध्याकाळीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. दोन दिवसांनी कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू वाढला, मूत्रपिंडांची सोनोग्राफी मात्र चांगली आली. बाळाचे रक्ताचे रिपोर्ट बरे होते आणि ते नीट जागं होतं, म्हणून संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय का हे पाहायला डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढलं नाही. तुमच्या बाळाचं काढायचं म्हणाले तर घाबरू नका. ती सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. बाळ लुळं पडेल ही भीती मला जवळजवळ प्रत्येक आजीकडून ऐकायला मिळते आणि त्यापायी घरच्यांनी दिलेला नकार मला फार लागतो.

निघण्याआधी मोठ्या भावंडाचं उरलेलं अँटिबायोटिक मुलीला अजिबात देऊ नका. त्याने कल्चर खोटंच स्वच्छ येतं आणि खरा जंतू कळत नाही. तापाचं औषधही डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नको. ताप उतरला म्हणून घरी थांबावंसं वाटतं, आतला संसर्ग मात्र तसाच राहतो. शिवाय मेडिकलवर मिळणाऱ्या ड्रॉप्समध्ये तेच औषध सिरपपेक्षा कितीतरी दाट असतं आणि मापात घोटाळा होतो. घशासाठी मध चाटवू नका, वर्षाच्या आत तो धोक्याचा आहे. अंगावरचं दूध मात्र रिक्षातही पाजत राहा.

दवाखान्यात ताप किती आणि केव्हापासून, गेल्या बारा तासांत लंगोट किती वेळा ओला झाला आणि बाळ दिवस भरून झालं की आधी, एवढं सांगा. बाळ उठवूनही दूध ओढत नसेल, श्वास भराभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, लाळ गिळता न आल्याने सारखी गळत असेल किंवा अंग थंड पडलं असेल, तर ओपीडीच्या रांगेत बसू नका, थेट इमर्जन्सीत शिरा.