दचकणं वेगळं, धास्ती वेगळी

तुझ्या पटकथेत दर दोन पानांवर कोणीतरी किंचाळत समोर येतं. प्रेक्षक दचकेल, पण घाबरेलच असं नाही. अचानक मोठा आवाज झाला की अंग आपोआप आक्रसतं, विचार नंतर येतो. पुढच्याच क्षणी धोका कळतो आणि भीती ओसरते. धास्तीचं उलट आहे. काहीतरी येणार हे कळतं, पण कुठून आणि कधी ते कळत नाही, म्हणून मन स्वतःच चित्रं रंगवत बसतं.

दोन्ही जोडायचं कसं, हे ‘कॅट पीपल’ (१९४२) या भयपटातल्या बसच्या प्रसंगात बघ. ॲलिस रात्री एकटी चालली आहे, मागे तिच्यावर जळणारी इरीना, जी हिंस्र जनावर बनते असा संशय आहे. संगीत नाही, नुसती टाचांची टकटक. मग मागची पावलं थांबतात. इथेच खरी गोम आहे: आवाज वाढत नाही, उलट एक आवाज कमी होतो. ॲलिस वळून बघते, रस्ता रिकामा. ती घाईने पुढे निघते, आपले कान मागेच लागलेले. तेवढ्यात फिस्सकन जनावरासारखा आवाज येतो आणि चौकटीत बस घुसते! धोका नव्हताच, पण इरीना कुठे गेली हे अजूनही कळलेलं नाही. त्यामुळे दचका संपला तरी धास्ती उरते.

तुझ्या मांजर-उडी-मारते प्रसंगात नेमकं हेच नाही. मांजर दिसलं की सगळेच प्रश्न मिटतात. आधीची शांतता लांबव, आणि एक प्रश्न तसाच लोंबकळत ठेव. शिवाय एकच युक्ती लगेच पुन्हा वापरू नकोस. नाहीतर शांतता पसरली की लोक आधीच कानावर हात ठेवून बसतात.